बघता किती, भरता किती?

सकाळी लेक्चरला निघायच्या गडबडीत मोबाइलवर एक मेसेज येतो. ‘उद्या तुमच्या खात्यातून १४९ रुपये ऑटो-डेबिट होणार आहेत.’ तुम्ही तो वाचता, ‘हां, ते आहे वाटतं अजून’ असं म्हणता आणि वर सरकवून टाकता. दुसऱ्या दिवशी पैसे जातात. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच मेसेज, पुन्हा तेच सरकवणं.

हा मेसेज कंपनी हौसेने पाठवत नाही. रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाला. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यायची, असं त्यात आहे. म्हणजे दर महिन्याला तुम्हाला एक पूर्ण दिवस मिळतो, ‘हे ठेवायचं की नाही?’ हे ठरवायला. अडचण एवढीच की ठरवायचं कशावरून, हे आपल्याला माहीत नसतं. मग आपण आठवणीवरून ठरवतो. आणि स्ट्रीमिंगच्या बाबतीत आठवण जाम फसवी असते.

या वर्ष-दोन वर्षांत प्रश्न आणखी किचकट झालाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर भारतात जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर आणखी पैसे मोजायचे. त्याआधी, जुलै २०२३ मध्ये, ‘एक अकाउंट एका घरापुरतं’ असं सांगून नेटफ्लिक्सने वर्गभर फिरणाऱ्या पासवर्डला लगाम घातला. थोडक्यात, पूर्वी जे ‘कुणाच्या तरी अकाउंटवर’ चालायचं, ते आता आपल्या खिशातून जातं. मग ते वसूल होतंय का, हे बघायला नको?

यावर सगळे एक सोपं गणित सांगतात. महिन्याचे पैसे भागिले बघितलेले तास. उत्तर लहान आलं की ठेवा, मोठं आलं की काढा. गणित बरोबर आहे, पण त्यात दोन जागी घसरायला होतं. एक, तास मोजताना. आणि दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे सरासरी काढताना. गंमत म्हणजे सरासरीत सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या सबस्क्रिप्शनमध्येच कधी कधी सगळ्यात जास्त पैसे वाया जात असतात. कसं, ते एका उदाहरणावरून बघू.

तीन अकाउंट, एक विद्यार्थिनी

समजा, पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहणारी, एस.वाय.ला असलेली एक मुलगी आहे. ती सगळं मोबाइलवरच बघते. तिच्याकडे तीन सबस्क्रिप्शन आहेत. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन, महिन्याला १४९ रुपये. प्राइम, वर्षाला १,४९९ रुपये. आणि जिओहॉटस्टारचा मोबाइल प्लॅन, तो सुरू झाला तेव्हाच्या दराने वर्षाला ४९९ रुपये. (दर बदलत राहतात, तेव्हा आकडेमोड करताना तुमच्या अॅपमध्ये आज दिसतो तोच आकडा घ्या.)

सगळ्यात आधी हे तिन्ही आकडे एका मापात आणायचे. ते तसेच ठेवून तुलना केली, तर वर्षाचा आकडा डोळ्यांत भरतो आणि महिन्याचा किरकोळ वाटतो. ‘प्राइम महाग आहे बाई, दीड हजार!’ असं वाटतं. पण नेटफ्लिक्सचे १४९ वर्षभरात १,७८८ होतात. प्राइमपेक्षा जास्त. तिघांचे मिळून वर्षाचे ३,७८६ रुपये. महिन्याला साधारण ३१५. मेसचा चार-पाच दिवसांचा खर्च म्हणा किंवा सेमिस्टरची दोन-तीन पुस्तकं.

आता तास. तिला विचारलं, तर ती म्हणेल, ‘नेटफ्लिक्स ना? रोज झोपायच्या आधी एक तास तरी असतंच.’ म्हणजे वर्षाला ३६५ तास. पाच रुपये तासाला पडलं, फुकटच की! आपल्याला जी सवय वाटते ती आपण रोजची धरतो. एखादी सिरीज तीन रात्रींत संपवलेली असते आणि नंतर तीन आठवडे अॅप उघडलेलंही नसतं. पण आठवणीत राहतात त्या तीन रात्री. म्हणून तास आठवायचे नाहीत, काढायचे.

तास काढायचे कुठून?

नेटफ्लिक्सवर हे काम सर्वांत नीट होतं, कारण त्यांच्याकडे तुमची मिनिटामिनिटाची नोंद असते आणि मागितली की ती मिळते. फक्त बरोबर फाइल मागायची. बऱ्याच जणांना `netflix.com/viewingactivity` हे पान माहीत असतं. तिथे खाली `Download all` दिसतं. पण त्या फाइलमध्ये फक्त नाव आणि तारीख असते, वेळ नसतो. दोन मिनिटं बघून बंद केलेला सिनेमा आणि पूर्ण बघितलेला सिनेमा तिथे सारखेच दिसतात. आपल्या कामाला ती उपयोगाची नाही.

आपल्याला हवी ती फाइल `netflix.com/account/getmyinfo` इथून मागवायची. ब्राउझरमध्ये लॉग-इन करून विनंती पाठवायची, ईमेलवर ती पक्की करायची आणि थांबायचं. फाइल लगेच येत नाही, काही दिवस लागू शकतात. येते ती झिप असते. आत बऱ्याच गोष्टी असतात, त्यातली `ViewingActivity.csv` गूगल शीट्समध्ये उघडा. त्यात `Duration` नावाचा कॉलम असतो. नेमकं तेच आपल्याला हवंय.

पण उघडल्या उघडल्या बेरीज मारू नका. त्या फाइलमध्ये तीन प्रकारचा कचरा असतो.

पहिला, इतरांची प्रोफाइलं. एका अकाउंटवरच्या सगळ्या प्रोफाइलांच्या नोंदी त्या एकाच फाइलमध्ये असतात. `Profile Name` कॉलमला फिल्टर लावून फक्त स्वतःचं नाव ठेवा. घरच्या अकाउंटवर बघत असाल, तर उलटं करा. पैसे घर भरतंय ना, मग तास पण घराचे धरायचे. नाहीतर आई रोज दुपारी बघते ते तास सोडून तुम्ही अकाउंट बंद करायला निघाल आणि मग रात्री जेवण कोण वाढणार हा प्रश्न येईल!

दुसरा कचरा, आपोआप चालणारे ट्रेलर. होमपेजवर नुसतं रेंगाळलं तरी काही ना काही सुरू होतं आणि त्याचीही नोंद होते. अशा नोंदींत `Supplemental Video Type` या कॉलममध्ये काहीतरी लिहिलेलं असतं, `HOOK` किंवा `TRAILER` असं. खऱ्या बघण्याच्या ओळीत तो रकाना रिकामा असतो. फिल्टर लावून फक्त रिकामे ठेवायचे. मग बेरीज:

```
=SUBTOTAL(109, C2:C5000)*24
```

इथे सी हा `Duration` चा कॉलम आहे. साधं `SUM` वापरलं तर ते फिल्टरने लपवलेल्या ओळीही मोजतं. `SUBTOTAL` फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं, म्हणून ते वापरायचं. २४ ने गुणायचं कारण शीट वेळ दिवसांमध्ये धरतं आणि आपल्याला तास हवेत. उत्तर शून्य आलं, तर घाबरू नका. शीटने तो कॉलम वेळ न समजता साधा मजकूर समजलाय. कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट `Duration` करा.

तिसरा कचरा ओळखायला थोडी नजर लागते. झोपेत ‘बघितलेले’ एपिसोड! कानात इअरफोन, छातीवर मोबाइल आणि एपिसोडमागून एपिसोड चाललेत. यासाठी `Start Time` बघा. त्यातली वेळ भारताची नसते, यूटीसी असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे फाइलमध्ये २१:३० दिसलं, तर ते आपल्याकडचे पहाटेचे तीन. पहाटे दोन-तीनला लागोपाठ एपिसोड दिसत असतील आणि दुसऱ्या दिवशी रात्री तुम्ही तेच एपिसोड पुन्हा लावलेले असतील, तर ओळखा की पहिल्या वेळी प्रेक्षक झोपला होता. ते तास वजा करा.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचं असं झालं. स्वतःच्या प्रोफाइलवरचे वर्षाचे एकूण ११३ तास. त्यातले चार तास ट्रेलरचे, तेरा तास झोपेतले. उरले ९६. कुठे ते ३६५ आणि कुठे ९६!

प्राइमवर सेटिंगमध्ये बघितलेल्या गोष्टींची यादी मिळते, पण तास दिसत नाहीत. तिथे हातानेच हिशोब करावा लागतो. पूर्ण बघितलेल्या सिरीजचे एपिसोड गुणिले एका एपिसोडची लांबी, अधिक सिनेमे. अर्धवट सोडलेलं निम्मं धरा. दोन-चार तास इकडे-तिकडे झाल्याने निर्णय बदलत नाही. तिचे आले २२ तास. दोन सिरीज आणि पाच सिनेमे.

जिओहॉटस्टारवर तिने बघितलं ते मुख्यतः आयपीएल. पूर्ण, अर्धे, शेवटच्या पाच ओव्हर, असं सगळं मिळून ३० सामने, सरासरी दोन तास. म्हणजे ६० तास. उरलेल्या वर्षात एक छोटी सिरीज, तीन तास. एकूण ६३. पुढच्या वर्षी असा अंदाज करायला लागू नये म्हणून आतापासूनच दर रविवारी अँड्रॉइडमध्ये `Digital Wellbeing` किंवा आयफोनमध्ये `Screen Time` उघडून त्या त्या अॅपचे तास वहीत टिपून ठेवा. तिथे जुनी माहिती फार काळ राहत नाही. आणि टीव्हीवर बघितलेले तास फोनला कळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आणि आता सरासरीची गंमत

भागाकार करू. नेटफ्लिक्स, १,७८८ भागिले ९६, तासाला साधारण साडेअठरा रुपये. प्राइम, १,४९९ भागिले २२, तासाला ६८. जिओहॉटस्टार, ४९९ भागिले ६३, तासाला आठ रुपये सुद्धा नाहीत.

नेहमीच्या पद्धतीने निकाल सरळ लागतो. जिओहॉटस्टार ठेवा, नेटफ्लिक्सचं बघू, प्राइम काढा. पण थांबा. हे आकडे बारा महिन्यांत पसरून बघा.

जिओहॉटस्टारवरचे ६३ पैकी ६० तास आयपीएलच्या सव्वादोन-अडीच महिन्यांतले आहेत. २०२५ ची आयपीएल २२ मार्च ते ३ जून चालली. त्या काळात याच मोबाइल प्लॅनचा तीन महिन्यांचा पर्याय होता, १४९ रुपयांना. तो घेतला असता, तर पूर्ण आयपीएल त्यात बसली असती, तासाला अडीच रुपयांत. वर्षाचा प्लॅन घेऊन तिने जे जास्तीचे ३५० रुपये भरले, त्यात तिला मिळाले किती? तीन तास. म्हणजे तासाला ११७ रुपये. तिन्ही सबस्क्रिप्शनमध्ये हा सगळ्यात महाग तास होता आणि तो लपला होता सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या आकड्यामागे.

नेटफ्लिक्सचंही तसंच. ९६ पैकी ७१ तास चार महिन्यांतले. दिवाळीची सुट्टी असलेला महिना, सेमिस्टर संपल्यावरचा महिना आणि उन्हाळ्याचे दोन. त्या चार महिन्यांचे ५९६ रुपये, तासाला साडेआठ रुपयांच्या आत. मस्त सौदा. उरलेले आठ महिने सबमिशन, इंटर्नल, प्रॅक्टिकल यांत गेले. त्यात बघितले २५ तास, भरले १,१९२. तासाला ४८ रुपये. सरासरीतल्या साडेअठरा रुपयांनी या दोन्ही गोष्टी झाकून टाकल्या होत्या.

म्हणून प्रश्न ‘हे अॅप स्वस्त आहे की महाग?’ असा विचारायचाच नाही. विचारायचं असं, ‘पुढच्या महिन्याचे हे पैसे भरले नाहीत, तर माझे नेमके कोणते तास जातील?’ तिचं नेटफ्लिक्स आठ महिने बंद राहिलं असतं, तर २५ तास गेले असते. आणि ते तरी खरंच गेले असते का? ऑगस्टमध्ये आलेली सिरीज दिवाळीतही तिथेच असते, सहसा. ज्या गोष्टी थांबू शकतात त्या थांबवायच्या, ज्या थांबत नाहीत, म्हणजे लाइव्ह मॅच, त्यांच्या वेळेला पैसे भरायचे. हॉस्टेलवर सगळे एखाद्या नव्या सिरीजबद्दल बोलत असताना आपण मागे पडतो, हे खरं आहे. त्याचीही किंमत असते. पण वर्षात असं खरोखर किती वेळा होतं, ते मोजा. दोनदा होत असेल, तर दोन महिने घ्या. बारा कशाला?

प्राइमचा पेच

भागाकारात प्राइम नापास झालं होतं. पण तिथला निर्णय सरळ नाही, कारण प्राइमचे पैसे फक्त व्हिडिओचे नसतात. डिलिव्हरीचेही असतात. ते वेगळे काढल्याशिवाय तासाचा भाव काढणं म्हणजे थाळीचे पूर्ण पैसे एकट्या पापडावर टाकण्यासारखं आहे.

ऑर्डरची यादी काढा आणि स्वतःला विचारा, प्राइम नसतं तर यातल्या किती ऑर्डरवर डिलिव्हरीचे पैसे लागले असते? ‘फुकट येतंय म्हणून’ केलेल्या ऑर्डर धरू नका. समजा तिच्या अशा १४ ऑर्डर निघाल्या आणि प्रत्येकी ४० रुपये धरले. ५६० झाले. ते १,४९९ मधून वजा केले तर व्हिडिओच्या वाट्याला ९३९ उरतात. भागिले २२, तासाला सुमारे ४३ रुपये. ६८ वरून ४३ वर आलं.

आता दुसरा रस्ता बघू. महिन्याचं प्राइम २९९ ला मिळतं. म्हणजे पाच महिन्यांचे १,४९५ होतात, जवळपास वर्षाइतकेच. इथून एक सोपी रेघ मारता येते. वर्षात पाच महिने किंवा जास्त वापरणार असाल, तर वार्षिक घ्या. त्याहून कमी असेल, तर महिन्याचं. तिने तिचे २२ तास तीन महिन्यांत बघितले होते. तीन महिन्यांचे ८९७. पण त्या तीन महिन्यांबाहेर तिच्या दहा ऑर्डर आहेत, त्यांची डिलिव्हरी ४००. एकूण १,२९७. म्हणजे वार्षिकपेक्षा फक्त २०२ रुपये कमी.

आणि हे दोनशे रुपये टिकतील का? यासाठी तिला वर्षात तीनदा सुरू करायचं आणि तीनदा आठवणीने बंद करायचं आहे. एकदा जरी विसरली तर २९९ गेले आणि हिशोब उलटा फिरला. तिच्या रूममेटने हेच सांगितलं असतं, ‘अगं, तुला लायब्ररीचं पुस्तक वेळेवर परत करता येत नाही आणि तू प्राइम बंद करणार?’ खरंय. जिथे फरक इतका कमी आहे, तिथे आपला विसराळूपणाही हिशोबात धरायचा. तिच्यासाठी वार्षिक प्राइम ठेवणंच शहाणपणाचं आहे. ऑर्डर कमी असत्या किंवा त्या चार-चारच्या गठ्ठ्याने करायची सवय असती, तर निर्णय बदलला असता.

जाहिरातींचाही हिशोब याच रीतीने करता येतो. प्राइमवर जाहिराती काढून टाकायला, सुरुवातीच्या दराने, महिन्याला १२९ जास्त. ज्या महिन्यात तुम्ही चार तास बघता, त्या महिन्यात प्रत्येक तासातल्या काही मिनिटांच्या जाहिराती टाळायला तुम्ही ३२ रुपये मोजताय. पाणी प्यायला उठणं स्वस्त पडतं.

‘रिचार्जमध्ये फ्री’ आणि इतर सापळे

अनेक जण म्हणतील, ‘मला तर रिचार्जबरोबर फ्री मिळतं.’ मिळतं, पण फ्री नाही. तुमच्या कंपनीच्या अॅपमध्ये तेवढाच डेटा आणि तेवढीच वैधता असलेला, पण ओटीटी नसलेला रिचार्ज शोधा. दोन्हींमधला फरक हाच तुमच्या ओटीटीचा खर्च. वैधता वेगळी असेल, तर दोन्ही किमतींना दिवसांनी भागा आणि मग तुलना करा. फरक शून्य निघाला, तर खुशाल बघा. आणि मग त्याच ओटीटीचं वेगळं सबस्क्रिप्शन चालू नाही ना, तेवढं तपासा. रिचार्जमध्ये आलेलं आणि वेगळं घेतलेलं, अशा एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देणारे आपल्यातच सापडतील.

दुसरा सापळा आपल्या मनातला आहे. वर्षाचे पैसे भरून झाले की वाटतं, आता वसूल करू या. मग न आवडणारी सिरीजही आठव्या एपिसोडपर्यंत खेचली जाते. भागाकारात तासाचा भाव खाली येतो आणि छान वाटतं. पण भरलेले पैसे बघितल्यानेही परत येत नाहीत आणि न बघितल्यानेही नाहीत. जातात ते फक्त तास. तेही परीक्षेच्या आधीचे. म्हणून तास मोजताना एक छोटी खूण करा. बघून झाल्यावर ‘बरं झालं बघितलं’ वाटलं, तेच तास धरा. बाकीचे झोपेतल्या तासांच्या रांगेत टाका.

तिसरा सापळा बंद करतानाचा. अॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, पैसे कापले जातच राहतात. आधी त्या प्लॅटफॉर्मच्या अकाउंट पानावर जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा. मग यूपीआय अॅपमध्ये `Autopay` उघडून त्या नावाचा मँडेट रद्द झालाय का ते बघा. तिथे तुम्हाला विसरलेली दोन-तीन नावंही भेटतील, हा बोनस. रद्द करण्याचा पर्याय मुद्दाम लपवलेला असेल किंवा उगाच किचकट केलेला असेल, तर तो केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून गैर ठरवलेला प्रकार आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

‘बंद केलं तर माझी लिस्ट जाईल’ ही भीतीही मोठी असते. नेटफ्लिक्स रद्द केल्यावर तुमची प्रोफाइल आणि बघण्याचा इतिहास बरेच महिने जपून ठेवतं. दिवाळीला परत गेलात तर जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू होतं. आणि महिन्याचे पैसे भरल्या दिवशीच रद्द केलं, तरी तो महिना पूर्ण बघता येतं. त्यामुळे विसराळू लोकांसाठी एकच युक्ती. सुरू करायचं आणि त्याच बैठकीत रद्द करायचं. मग एपिसोड लावायचा.

तर तिचं काय ठरलं?

नेटफ्लिक्स चार महिने, ५९६ रुपये. जिओहॉटस्टार आयपीएलपुरतं, १४९. प्राइम वार्षिक, १,४९९. एकूण २,२४४. आधी होते ३,७८६. वर्षाला १,५४२ रुपये वाचले. आणि बदल्यात गेले ते जास्तीत जास्त २८ तास, तेही बहुतेक पुढे ढकललेले.

लक्षात घ्या, भागाकारात जे नापास होतं तेच तिने ठेवलं आणि जे पहिलं आलं होतं तेच आखडलं. तुमचे आकडे वेगळे असतील, त्यामुळे निकालही वेगळा येईल. रोज रात्री मनापासून एक तास बघणाऱ्याला नेटफ्लिक्स बाराही महिने परवडेल. क्रिकेट न बघणाऱ्याला जिओहॉटस्टार तीन महिनेही नको असेल. म्हणून मित्राचा निकाल कॉपी करू नका. हे काही जर्नल नाही.

तुमची फाइल आज मागवा. ती येईपर्यंत चालू आणि रद्द केलेल्या सगळ्या सबस्क्रिप्शनचे पैसे एका मापात आणून कागदावर लिहा. आणि पुढच्या वेळी तो ‘उद्या ऑटो-डेबिट’चा मेसेज आला, की सरकवू नका. तुमच्याकडे २४ तास आहेत आणि आता कागदावर आकडाही.